१,३९९ रुपयांची साडेतीन लिटरची बाटली: एका इंजिन ऑइल खरेदीचा प्रकरण अभ्यास

पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका कुटुंबाची १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक. गाडी पाच वर्षांची, वॉरंटी संपलेली, ऑइल बदलायची वेळ झालेली. मॅन्युअलमध्ये ग्रेड ५डब्ल्यू-३०, दर्जा एपीआय एसएन किंवा त्यावरचा, आणि फिल्टरसह लागणारं तेल ३.१ लिटर. मालकाने चार ठिकाणी भाव काढले, सर्वांत स्वस्त बाटली ऑनलाइन मागवली आणि ती घेऊन तो धायरीतल्या आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गेला. मेकॅनिकने बाटली हातात घेतली, उलटी करून तळ पाहिला आणि विचारलं, "दादा, ही कुठून घेतलीत? सील तोडू नका, आधी दुसरी बाटली शेजारी ठेवून बघू." पुढे जे तपासलं गेलं ते सगळं खाली क्रमाने दिलं आहे. ब्रँड आणि विक्रेते यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. भाव फक्त या एका खरेदीचे आहेत. ब्रँड आणि स्कीमप्रमाणे ते बदलतात, पण त्यामागचा हिशोब बदलत नाही.

चार भाव आणि त्यांच्या आतला हिशोब

एकाच ब्रँडच्या, एकाच ग्रेडच्या ३.५ लिटरच्या बाटलीवर छापील किंमत २,४५० रुपये होती. नाना पेठेतल्या अधिकृत डीलरने ती २,१०० रुपयांना, पक्क्या बिलासह सांगितली. गॅरेजवाला तीच बाटली २,३०० ला लावणार होता, वर ३०० रुपये मजुरी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तेल बॅरलमधून मीटरच्या गनने भरतात. तिथे दर लिटरला ६४० म्हणजे ३.१ लिटरचे १,९८४ रुपये होत होते, मजुरी वेगळी. ऑनलाइन दोन विक्रेते दिसले: ब्रँडच्या स्वतःच्या दुकानात २,१९९ आणि एका अनोळखी विक्रेत्याकडे १,३९९.

सर्व्हिस सेंटरचा लिटरचा दर चढा दिसतो, तरी एकूण आकडा डीलरपेक्षा कमी आला, कारण तिथे जेवढं तेल गाडीत गेलं तेवढ्याचेच पैसे लागतात. बाटली घेतली तर ४०० मिलिलिटर उरतं. ते वाया जात नाही, दोन सर्व्हिसच्या मधे टॉप-अपला उपयोगी पडतं. पण तुलना करताना हा फरक लक्षात ठेवायला हवा. सर्व्हिस सेंटरमध्ये गनच्या मीटरवरचा आकडा स्वतः पाहावा आणि बिलात ३.१ च्या जागी ३.५ लागलेलं नाही ना हे तपासावं. नकली मालापेक्षा तिथे ही गफलत होण्याचा संभव जास्त असतो.

गॅरेजमध्ये आणखी एक पर्याय समोर ठेवला गेला होता: २१० लिटरच्या बॅरलमधलं सुटं तेल, लिटरला ४२० रुपये. म्हणजे ३.१ लिटरचे १,३०२. बॅरल खरा असेल आणि त्यात नंतर काही ओतलं गेलं नसेल, तर हा सौदा चांगला आहे. अडचण एवढीच की ग्राहकाला यातलं काहीच तपासता येत नाही. बॅरलवर लेबल अमुक कंपनीचं आहे यावरून आतल्या तेलाविषयी काही ठरत नाही, कारण रिकामे बॅरलही विकले जातात. शिवाय बहुतेक लहान गॅरेजमधला बॅरल १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० चा असतो. जास्त गाड्यांना चालावा म्हणून तो ठेवलेला असतो. या गाडीला ती ग्रेड चुकीचीच.

आता १,३९९ कडे वळू. छापील किमतीवर ४३ टक्के सूट म्हणून कुणी सावध होतं, कुणी खूश होतं. पण सूट मोजायचा हा पायाच चुकीचा आहे. छापील किंमत ही विक्रीची कमाल मर्यादा आहे. वंगणांत ती बरीच वर ठेवलेली असते, त्यामुळे १५ ते २५ टक्के सूट खऱ्या मालावरही सर्रास मिळते. संशयाची रेषा ठोक भावावर आखायची असते. नाना पेठेतल्या डीलरचा या बाटलीचा करपूर्व ठोक भाव १,६२० रुपये होता. तो २,१०० ला विकतो तेव्हा १८ टक्के जीएसटी वगळून त्याच्या हाती साधारण १,७८० येतात, म्हणजे बाटलीमागे १६० रुपये सुटतात. दुकानभाडं आणि पोऱ्याचा पगार त्यातूनच द्यायचा असतो.

तोच हिशोब ऑनलाइन विक्रेत्याला लावून पाहू. १,३९९ मधून जीएसटीचे २१३ गेले. प्लॅटफॉर्मचं कमिशन कमीत कमी दहा टक्के धरलं तर १४० गेले. सव्वातीन किलोच्या पार्सलचे शंभर गेले. उरले ९४६. म्हणजे डीलरला जी बाटली १,६२० ला पडते, ती हा विक्रेता नफा शून्य धरूनही ९४६ ला मिळवतो. तिमाही स्कीम, घाऊक खरेदी, जुना स्टॉक काढणं यांमुळे ठोक भाव काही टक्क्यांनी खाली येतो, चाळीस टक्क्यांनी येत नाही. तेव्हा बाटली हातात यायच्या आधीच प्रश्न उभा राहतो की यात ज्यापासून इंजिन ऑइल बनतं ते मूळ तेल आणि त्यात मिसळायची ॲडिटिव्ह यांचे पैसे आले कुठून?

ठोक भाव ग्राहकाला माहीत नसतो, हे खरं. पण दोन अधिकृत डीलरना फोन केला की त्यांचा किरकोळ भाव कळतो. त्यातून जीएसटी वजा करून आणखी दहा टक्के काढले की ठोक भावाचा पुरेसा अंदाज येतो. इथे १,७८० मधून १७८ गेले म्हणजे १,६०२. खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ.

सील न तोडता काय दिसलं

मेकॅनिकने नाना पेठेतून तीच बाटली मागवली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. मालकाने मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवला. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढे परतावा मिळाला तो तिच्यामुळे.

लेबल आणि छपाईत फार फरक नव्हता. रंग, फॉन्ट, होलोग्राम सगळं नीट. हल्ली लेबल छापणं अवघड राहिलेलं नाही, म्हणून नुसत्या लेबलवर विसंबणारा माणूस फसतो. खरा फरक बाटलीच्या तळाशी होता. प्लास्टिकच्या बाटलीच्या तळावर साच्याचा क्रमांक असतो. काही बाटल्यांवर एक लहान गोल चकतीही उमटलेली असते, तिच्यात महिने आणि वर्ष असतं आणि बाण ढाळणीचा महिना दाखवतो. डीलरच्या बाटलीची ढाळणी तेल भरण्याच्या दोन महिने आधीची होती. ऑनलाइन बाटलीची ढाळणी तेल भरल्याच्या छापील तारखेच्या तीन वर्षं आधीची निघाली. कोणतीही कंपनी रिकाम्या बाटल्या तीन वर्षं साठवून ठेवत नाही. याचा अर्थ ही बाटली खरीच होती, एकदा वापरून झालेली, आणि पुन्हा भरलेली.

या धंद्यातली हीच मोठी वाट आहे. साचा बनवून बाटली नकली करणं खर्चिक पडतं. गॅरेजमधून भंगारात गेलेली खरी बाटली विकत घेणं स्वस्त पडतं. बाटली अस्सल असल्याने तळ, पारदर्शक पट्टी, नक्षीदार अक्षरं सगळं अस्सलच असतं. बदललेलं असतं ते लेबल, झाकण, फॉइल आणि बॅच नंबर.

बॅच नंबर पाहिला तर तो होता तिथे प्लास्टिक किंचित घासलेलं, चमक गेलेली आणि त्यावर नवा नंबर उमटवलेला. मूळ शाई सॉल्व्हंटने पुसली की असा मंद डाग राहतो. तो तिरप्या उजेडात दिसतो, समोरून दिसत नाही. टॉर्च बाजूने धरून पाहावं.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीचीच वेबसाइट उघडली, त्यामुळे क्षणभर सगळ्यांना बरं वाटलं. पण पानावर संदेश होता की हा कोड आधीच तपासला गेला आहे. एका खऱ्या बाटलीचा कोड शेकडो लेबलांवर छापला की असं होतं. दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्यात: उघडलेल्या पानाचा पत्ता कंपनीचा आहे का, आणि कोड पहिल्यांदाच तपासला जातो आहे का. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसरं सोडून देऊ नये. डीलरच्या बाटलीवर कोड खरवडायच्या पट्टीखाली होता. ऑनलाइन बाटलीवर तो उघडाच छापलेला होता.

मग दोन्ही बाटल्या वजनकाट्यावर ठेवल्या. डीलरची ३.१६ किलो, ऑनलाइनवाली ३.२७ किलो. तेल कमी भरलेलं असेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती, निघालं उलटच: नकली बाटली ११० ग्रॅमनी जड. याचं कारण घनतेत आहे. सिंथेटिक ५डब्ल्यू-३० ज्या शुद्ध मूळ तेलापासून बनतं त्याची घनता पुण्याच्या उन्हाळी तापमानाला लिटरला साधारण ८४५ ग्रॅम असते. जुन्या पद्धतीच्या, स्वस्त मूळ तेलाची ८७५ ग्रॅमच्या आसपास. साडेतीन लिटरमध्ये हा फरक शंभर ग्रॅमच्या पुढे जातो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावरही कळतो. वजन हा एकट्याने पुरावा नाही. पण ग्रेड, ब्रँड, बाटली सगळं तेच असताना एवढा फरक यायला नको.

बिलावरचा जीएसटी क्रमांक services.gst.gov.in वर टाकला. नोंदणी चालू होती, पण अवघी चार महिन्यांची. विकायच्या मालाच्या यादीत घरगुती प्लास्टिक वस्तू आणि मोबाइलची ॲक्सेसरीज, वंगण कुठेच नाही. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. हा दुसऱ्या राज्यातला होता. त्यात स्वतःहून काही गैर नाही, पण पुण्यातल्या ग्राहकाला प्रत्यक्ष जाऊन भांडता येणार नाही, एवढा अर्थ त्यातून निघतो.

सील तोडल्यावर

इथे एक निर्णय घ्यावा लागला. बाटली उघडली की बहुतेक ठिकाणी परतावा नाकारतात. म्हणून आधी सीलबंद बाटलीचे सगळे फोटो आणि दोन्ही बाटल्यांच्या तुलनेचा व्हिडिओ टाकून परताव्याची विनंती नोंदवली. ती मंजूर झाली आणि माल परत न घेता पैसे देण्याचं प्लॅटफॉर्मने मान्य केलं, तेव्हाच झाकण फिरवलं.

झाकणाखालची कडी तुटली खरी, पण खऱ्या बाटलीवर ती एकामागून एक सांधे सुटत तुटते, इथे एका हिसक्यात सगळी निघून आली. फॉइल काढल्यावर काठावर दोन थर दिसले: खाली जुन्या सीलचा पांढरट अंश, वर गोंदासारखं काहीतरी. कारखान्यात फॉइल इंडक्शनच्या उष्णतेने काठाला वितळून चिकटतं, त्याला वेगळा गोंद लागत नाही. ते सोलल्यावर काठावर एकसारखं, पातळ कडं राहतं.

आता तेल. रंग दोन्हींचा सारखाच, सोनेरी. वास नकली तेलाला थोडा कमी, जळका मुळीच नाही. फिल्टर पेपरवर दोन्हींचा एकेक थेंब टाकून रात्रभर ठेवला. सकाळी दोन्ही डाग स्वच्छ, मधे काळं वर्तुळ नाही. हे मुद्दाम नोंदवत आहोत, कारण थेंबाची चाचणी पास झाली म्हणजे तेल खरं असं बरेच जण मानतात. ही चाचणी फक्त काजळी पकडते. वापरलेलं तेल गाळून भरलं असेल तर कळतं. नवं पण ॲडिटिव्ह नसलेलं मूळ तेल भरलं असेल तर काहीही कळत नाही. इथे तेच झालं होतं.

ते पकडलं फ्रीझरने. औषधाच्या दोन सारख्या काचेच्या बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत ५० मिलिलिटर तेल, बाहेरून चिठ्ठी, झिपच्या पिशवीत बंद, आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये रात्रभर. सकाळी बाहेर काढून लगेच दोन्ही एकदम आडव्या केल्या. डीलरचं तेल घट्ट झालं होतं, तरी काही सेकंदांत काठापर्यंत सरकलं. ऑनलाइन बाटलीतलं थिजलेल्या तुपासारखं जागच्या जागी राहिलं. ५डब्ल्यू या आकड्याचा अर्थच असा की उणे ३० अंशांवरही इंजिन फिरवण्याइतकं तेल पातळ राहिलं पाहिजे. मग ते उणे १८ वर थिजणं शक्य नाही. जुन्या पद्धतीचं मूळ तेल मात्र त्यातल्या मेणामुळे शून्याच्या खाली दहा-बारा अंशांतच थिजतं. चाचणी विनाखर्च आहे, मात्र तिला दोन अटी आहेत. तुलनेसाठी त्याच ग्रेडचं खात्रीचं तेल शेजारी हवं. आणि ती ०डब्ल्यू, ५डब्ल्यू, १०डब्ल्यू या ग्रेडलाच उपयोगी आहे. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० खरं असलं तरी फ्रीझरमध्ये फार जाड होतं, तिथे निकाल फसवा येईल.

खात्रीसाठी दोन्ही नमुने एका खासगी प्रयोगशाळेत दिले. १०० अंशांवर विष्यंदिता, म्हणजे तेलाचा जाडपणा, खऱ्या तेलाची १०.६, नकलीची १०.९ सेंटिस्टोक. ३० च्या ग्रेडची मर्यादा ९.३ ते १२.५ आहे, म्हणजे दोन्ही बसली. ४० अंशांवर मात्र खरं ६३, नकली ९७. गरम इंजिनात दोन्ही तेलं सारखी वागतात आणि थंड इंजिनात नकली दीडपट जाड असतं. म्हणूनच नकली तेल भरूनही गाडी 'मस्त चालते' असं लोक सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. आम्लाला मारणारा क्षारांश, ज्याला टीबीएन म्हणतात, तो खऱ्या तेलात ७.४ आणि नकलीत १.१. घर्षणापासून वाचवणाऱ्या ॲडिटिव्हमधलं झिंक खऱ्यात दहा लाखांत ८४० भाग, नकलीत ९०. लोखंड आणि तांबं दोन्हींत नगण्य, म्हणजे हे वापरलेलं तेल नव्हतं. स्वस्त मूळ तेल, रंग आणि नावापुरतं ॲडिटिव्ह, एवढंच बाटलीत होतं.

हे भरलं असतं तर पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये काहीच कळलं नसतं. सिंहगड रोडच्या कोंडीत गाडी तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडते, ज्वलनातली आम्लं आणि पाणी तेलात उतरतात. १.१ चा क्षारांश ती लवकर संपवतात. त्यानंतर तेल काळं आणि चिकट होतं, झाकणाखाली आणि ऑइलच्या गाळणीवर गाळ बसतो, टायमिंग चेनच्या टेन्शनरला दाब कमी पडतो आणि सकाळी चालू करताना खडखड ऐकू येते. तोवर खरेदीला वर्ष होत आलेलं असतं आणि दोष तेलाचा की गाडीच्या वयाचा हे सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं.

ज्यांनी असं तेल आधीच भरलं आहे त्यांनी ते गरम इंजिनावर काढावं, फिल्टर बदलावा, योग्य ग्रेडचं खात्रीचं तेल भरावं आणि तेही दीड-दोन हजार किलोमीटरवर फिल्टरसह पुन्हा बदलावं. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुऊ नये. ते पूर्ण निघत नाही, नव्या तेलाला पातळ करतं आणि सुटलेला गाळ एकदम गाळणीवर नेऊन बसवतं.

तक्रार आणि पुढची खरेदी

पैसे परत मिळाले तरी मालकाने दोन ठिकाणी कळवलं. पहिलं, तेल कंपनीच्या बाटलीवर छापलेल्या ग्राहक क्रमांकावर, बॅच नंबर आणि फोटोंसह. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०३ खाली नकली मालाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. छापा पडतो तो बहुधा कंपनीच्या तक्रारीवरून, एकट्या ग्राहकाच्या नव्हे. दुसरं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. परतावा नाकारला गेला असता तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग होता. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

गाडीत शेवटी नाना पेठेतून आणलेली बाटली गेली. मजुरीसह खर्च २,४००, फिल्टर वेगळा. गॅरेजवाल्याने स्वतःची बाटली खपली नाही म्हणून कुरकुर केली नाही, फक्त तेल गिऱ्हाइकाने आणल्याचं बिलावर लिहून घेतलं. ते योग्यच आहे, कारण पुढे काही झालं तर जबाबदारी कुणाची हे त्यावरून ठरतं. मालकानेही झाकण त्याच्यासमोर तोडलं, आणि उरलेलं ४०० मिलिलिटर तेल मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, घरी नेलं.

नकली बाटली, तिचं झाकण आणि फॉइल पुरावा म्हणून बिलासह एका पिशवीत ठेवलं आहे. गॅरेजमध्ये आता रिकाम्या झालेल्या प्रत्येक बाटलीच्या तळाला गिऱ्हाइकासमोर स्क्रूड्रायव्हरने आरपार भोक पाडतात, लेबल उभं चिरतात आणि झाकण वेगळ्या डब्यात टाकतात. भंगारवाला अशा बाटलीला प्लास्टिकच्या वजनाचाच भाव देतो. अखंड, झाकणासकट बाटली नगावर आणि जास्त भावाने मागणारा कुणी आला, तर तो ती कशासाठी नेतो आहे हे उघड आहे.